ऐकलं A, लिहिलं E : आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये नाव-पत्त्याचं स्पेलिंग कसं पकडायचं

आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये ४ भाग आणि ४० प्रश्न असतात. पहिला भाग सगळ्यांत सोपा, असं सगळे सांगतात. दोन माणसं बोलत असतात. कोणाला खोली भाड्याने हवी असते, कोणी कोर्सला नाव नोंदवत असतं, आणि आपल्यासमोर एक अर्धवट भरलेला फॉर्म असतो. त्यात नाव, रस्ता, पोस्टकोड अशा रिकाम्या जागा. बोलणारा स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगतो, आपण ते लिहायचं. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. एक अक्षर चुकलं तरी त्या प्रश्नाचा गुण गेला, अर्धा गुण मिळत नाही.

हा लेख सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींसाठी आहे. इंग्रजी वाचता येतं, व्याकरण बरं आहे, बातम्याही समजतात, पण हेडफोनमधून कोणी सात अक्षरं सांगितली की त्यातली तीन भलतीच उतरतात, अशांसाठी. मी स्वतः ही परीक्षा दिली आहे आणि त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचा सराव घेतला आहे. चुका जवळपास सगळ्यांच्या सारख्याच असतात, आणि त्याला कारण आहे.

## १. आधी कारण समजून घ्या

लहानपणापासून आपण आपली नावं रोमन लिपीत लिहितो. गणेश म्हणजे Ganesh, म्हणजे 'ए' ऐकू आला की E. पाटील म्हणजे Patil, म्हणजे 'ई' ऐकू आली की I. 'आ' ऐकू आला की A. ही सवय हातात इतकी मुरलेली असते की तिच्यासाठी विचार करावा लागत नाही.

स्पेलिंग सांगताना मात्र समोरचा अक्षराचा उच्चार सांगत नाही, अक्षराचं नाव सांगतो. A चं नाव 'ए', E चं नाव 'ई', I चं नाव 'आय'. घाईत डोकं मागे पडतं आणि हात आपल्या सवयीने लिहून मोकळा होतो. मग अशी साखळी तयार होते:

- 'ए' ऐकलं, हाताने E लिहिलं. खरं अक्षर A.
- 'ई' ऐकलं, हाताने I लिहिलं. खरं अक्षर E.
- 'आ' ऐकलं, हाताने A लिहिलं. खरं अक्षर R.
- 'जी' ऐकलं, हाताने J लिहिलं. खरं अक्षर G.
- 'सी' ऐकलं, हाताने S लिहिलं. खरं अक्षर C.

तिसरी ओळ नवख्यांना पटत नाही, कारण आपण R ला 'आर' म्हणतो आणि त्यातला र ठसठशीत असतो. ब्रिटनच्या मोठ्या भागात आणि ऑस्ट्रेलियात शब्दाच्या शेवटचा र उच्चारतच नाहीत. तिथला माणूस R म्हणतो तेव्हा आपल्याला लांब 'आ' ऐकू येतो, बस. अमेरिकन किंवा कॅनडियन माणूस असेल तर र ऐकू येईल. परीक्षेत हे सगळेच बोलणारे येतात, न्यूझीलंडचेही.

म्हणून भिंतीवरचा 'A फॉर ॲपल'चा तक्ता पुन्हा पाठ करून इथे काही होत नाही. तो तक्ता अक्षराचा उच्चार शिकवतो, आणि तो आपल्याला नको तेवढा येतो. नाव ऐकून थेट अक्षर लिहायची हाताला सवय लावणं, एवढंच काम आहे.

## २. सात अक्षरांचा सराव

पहिले काही दिवस फक्त A, E, I, R, G, J, Y ही सातच अक्षरं घ्या. घरातल्या कोणालाही समोर बसवा. त्यांनी ती उलटसुलट, थोड्या वेगाने म्हणायची, तुम्ही लिहायची. एका वेळी वीसेक पुरेत. शब्द बनवू नका, अक्षरं नुसती येऊ द्या. शब्द बनला की डोकं अंदाज बांधतं आणि हात परत जुन्या वाटेला जातो.

सांगणाऱ्याला दोन सूचना द्या. R म्हणताना र गिळून नुसतं 'आ' म्हणायचं. आणि A म्हणताना आपला सपाट 'ए' नाही, तर 'एइ' म्हणायचं, म्हणजे ए वरून इ कडे घसरत. ब्रिटिश A तसाच घसरतो. E मात्र सरळ लांब 'ई' असते, ती कुठेच घसरत नाही. शंका आली की हाच फरक कामाला येतो.

Y आणि I चं वेगळं आहे. 'वाय' आणि 'आय' यांची शेपटी एकच आहे, फरक फक्त सुरुवातीला ओठ गोल होतात एवढाच. आधीच्या अक्षराला जोडून Y म्हटला की तो व बुडतो. सरावात Y नेहमी दुसऱ्या अक्षराच्या मागे म्हणायला सांगा: 'एल-वाय', 'ई-वाय', 'आर-वाय'. इंग्रजी आडनावांच्या शेवटी -LEY, -RY फार येतं, त्यामुळे त्याची तयारीही होते.

सोलापूरकरांना इथे एक फायदा आहे, तो वापरा. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारे शेजारी, मित्र, शिक्षक असतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या तोंडी H चा 'हेच' होतो. क्लासमध्ये त्याला हसतात. पण आयर्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच जणांकडून H चं नाव 'हेइच' असंच ऐकू येतं. पुण्या-मुंबईच्या मुलांना ते ऐकून क्षणभर थबकायला होतं. पूर्व भागात वाढलेल्याला होणार नाही. सरावाला असा एखादा मित्र मुद्दाम घ्या. एकाच माणसाकडून सराव केला की कान त्या एका आवाजापुरते तयार होतात.

स्वतःच्या आवाजात अक्षरं रेकॉर्ड करून ऐकायचा सल्लाही बरेच जण देतात. माझ्या मते तो वेळ वाया जातो. तुमचा स्वतःचा उच्चार तुम्हाला आधीच कळतो.

## ३. हवेवर कान ठेवा: P-B आणि T-D

B, C, D, E, G, P, T, V या सगळ्यांच्या शेवटी 'ई' आहे. फरक काय तो सुरुवातीच्या क्षणात. त्यातही आपला गोंधळ P आणि B मध्ये जास्त होतो.

मराठीत प आणि ब वेगळे करताना आपण कंठातली थरथर ऐकतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला ही थरथर B मध्ये फार कमी असते, त्यामुळे इंग्रजाचा B आपल्याला 'पी'सारखा वाटू शकतो. आणि त्याच्या P मध्ये ओठ उघडताच हवेचा झोत सुटतो, जवळजवळ 'प्ही'. म्हणून प की ब असा प्रश्न विचारू नका. हवा सुटली का, एवढंच ऐका. सुटली तर P, नाही सुटली तर B. T आणि D लाही हेच लागू: 'ट्ही' असं ऐकू आलं तर T.

V मध्ये दातावर ओठ घासल्याची गुणगुण असते. आपला व तसा घासत नाही, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना V चा B वाटतो. अमेरिकन माणूस Z ला 'झी' म्हणतो, ब्रिटिश 'झेड'. 'झी' आणि 'जी' शेजारी शेजारी ऐकून घ्या. फरक आपल्या 'जहाज' आणि 'जीवन' यांतल्या ज इतकाच आहे, म्हणजे मराठी कानाला तो अवघड जाऊ नये.

M-N आणि F-S बद्दल खरं सांगायचं तर त्यांत फरक मुळातच बारीक आहे. इंग्रजसुद्धा फोनवर ती अक्षरं एकमेकांना पुन्हा विचारतात. तिथे कानावर फार भिस्त ठेवू नका, पुढची पायरी वापरा.

## ४. शंका असेल तिथे थांबू नका

एखादं अक्षर निसटलं तर तिथे आडवी रेघ मारा आणि पुढचं लिहा. M की N कळलं नाही तर दोन्ही लिहा, एकाखाली एक. एका अक्षरापाशी अडकलात की पुढची दोन जातात, हा या भागातला सगळ्यांत महाग सापळा आहे.

मग बोलणं पुढे सरकलं की नावाचा शेवट बघा. इंग्रजी आडनावं आणि गावांची नावं ठरावीक शेवटांवर संपतात: -TON, -SON, -MAN, -HAM, -FORD, -FIELD, -WOOD, -LEY, -WELL. शेवटी 'टी ओ' आणि मग M की N अशी शंका असेल तर N. शेवटी 'एच ए' आणि तीच शंका असेल तर बहुतेक M. हा अंदाज आहे, नियम नाही. कानाने स्पष्ट ऐकलेलं याच्यापायी बदलू नका.

नाव संपलं हे कसं कळतं? यादी म्हणताना इंग्रज माणूस प्रत्येक अक्षरावर आवाज थोडा वर ठेवतो आणि शेवटच्या अक्षरावर खाली आणतो. लांब नाव असेल तर तीन-तीन, चार-चार अक्षरांचे गट पाडतो, पण गटाच्या शेवटी आवाज पूर्ण खाली येत नाही. तो उतार ऐकू येईपर्यंत हात उचलू नका.

## ५. 'डबल' ऐकलं की हात थांबवा

डबल म्हणजे पुढचं अक्षर दोनदा. आपल्याला बँकेत, रिक्षावाल्याला नंबर सांगताना याची सवय आहे, तरी परीक्षेत लोक घाईने D लिहितात, किंवा एकदाच अक्षर लिहून पुढे जातात. 'डबल' ऐकताच काहीच लिहायचं नाही. पुढचं अक्षर आलं की दोन लिहायची. W ऐकतानाही सुरुवात 'डब'नेच होते, त्यामुळे ही सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

आकड्यांत 'ओ' म्हणजे शून्य. 'सिक्स डबल ओ एट' म्हणजे 6008.

## ६. एक पत्ता पूर्ण सोडवून पाहू

समजा फॉर्मवर असं आहे:

```
Name:     Anna ________ (1)
Address:  Flat ____ (2), 30 ________ (3) Close
Postcode: ________ (4)
```

बोलणारी बाई ऑस्ट्रेलियन आहे, माल घरपोच मागवते आहे. कारकून विचारतो, आडनाव? ती यीटमन म्हणते. तो विचारतो, वाय-ए-टी-ई का? ती म्हणते, नाही, 'वाय, ई, ए, टी, एम, ए, एन'.

पहिला सापळा इथेच आहे. कारकुनाने सांगितलेलं स्पेलिंग चुकीचं होतं. पहिल्या भागात असं दुरुस्त करून बोलणं नेहमीचं आहे, म्हणून पहिलं स्पेलिंग लिहिलं तरी पेन्सिल खाली ठेवू नका. उत्तर YEATMAN. सवयीचा हात इथे YIETMEN लिहितो. असं काही कागदावर दिसलं की ओळखा, E च्या जागी I आणि A च्या जागी E गेलं आहे.

आता फ्लॅट. ऐकू येतं 'आइट आइ'. हे काय? ऑस्ट्रेलियन माणसाचा 'एइ' आपल्या कानाला 'आइ'कडे झुकलेला वाटतो. म्हणजे हे 'एट ए', 8A. हे नेमक्या क्षणी ओळखायचं तर तयारी आधीच करावी लागते. संभाषण सुरू होताच 'नेम', 'डे', 'टुडे' असे शब्द येतातच. तेव्हा ऐका: ती 'नेम'ला 'नाइम' आणि 'डे'ला 'डाय' म्हणते आहे का? म्हणत असेल तर तिचा A पण 'आइ'सारखा येणार आणि 8 सुद्धा. तिचा खरा I याहून जाड, 'ओय'कडे झुकलेला असतो. पहिली दोन-तीन वाक्यं कान जुळवायला वापरणं, ही युक्ती मला सगळ्यांत जास्त उपयोगी वाटते.

रस्त्याचं नाव ती सांगते: 'जे, ए, डबल आ, ए, हेइच'. तीस की तेरा हा प्रश्न नाही, 30 छापलेलंच आहे. सवयीच्या हाताने लिहिलं तर JEAAEH होतं. आता पाहा, AA. इंग्रजी नावांत AA फार क्वचित येतं. जोडीने येणारी अक्षरं बहुधा L, T, R, S, N, E, O असतात. कागदावर AA दिसलं की आधी R चा संशय घ्या. मग A च्या जागी गेलेले दोन E परत घ्या. JARRAH. हे ऑस्ट्रेलियातल्या एका निलगिरी जातीच्या झाडाचं नाव आहे, पण ते माहीत असायची गरज नाही.

पोस्टकोड वर आलाच: 6008. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये तो ४ आकडी असतो. आपल्या पिनकोडच्या सवयीने सहा आकड्यांची वाट बघत बसू नका.

## ७. ब्रिटिश पोस्टकोडचा साचा पाठ करा

ब्रिटनचा पोस्टकोड अक्षरं आणि आकडे मिसळून असतो, म्हणून नवख्याला तो धडकी भरवतो. खरं तर तोच सगळ्यांत जास्त मदत करतो, कारण त्याचा शेवट ठरलेला आहे: शेवटच्या तीन जागा म्हणजे एक आकडा आणि दोन अक्षरं. उदाहरणार्थ LE4 8GH. यातली पहिली दोन अक्षरं लेस्टर शहराची.

आता हे ऐकून पाहा: 'एल ई फोर, एट जी एच'. 'एट' आणि 'एच' हेडफोनमध्ये किती सारखे वाटतात ते कळेल. साचा माहीत असेल तर गोंधळ उरत नाही. शेवटून तिसरी जागा आकड्याचीच, म्हणजे तिथे 8. शेवटची जागा अक्षराचीच, म्हणजे तिथे H. तसंच त्या तिसऱ्या जागी 'ओ' आला तर तो शून्य.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. शेवटच्या दोन जागांत C, I, K, M, O, V ही अक्षरं कधीच वापरत नाहीत. म्हणजे तिथे M की N अशी शंका आली तर N. B की V वाटलं तर B. परीक्षेतले पत्ते बनवलेले असले तरी साचा सहसा हाच पाळलेला असतो.

कॅनडाचा कोड अक्षर, आकडा, अक्षर, मग आकडा, अक्षर, आकडा असा जातो. अमेरिकेचा ५ आकडी. एवढं पुरे.

## ८. जे स्पेलिंग सांगत नाहीत ते

Road, Street, Avenue, Crescent, Terrace, Grove, Court, Drive, Lane, Gardens. हे शब्द तुम्हाला येतात असं गृहीत धरतात, त्यांचं स्पेलिंग कोणी करून दाखवत नाही. Crescent मधला SC आणि Avenue मधला शेवटचा UE तपासा. Green, King, Hill, Bridge, Park, Queen असे रोजचे शब्द नावात आले तर तेही बहुधा सांगत नाहीत.

## ९. सरावाला काय लागतं

`ielts.org` वर नमुना चाचण्या ध्वनी आणि संहितेसह फुकट मिळतात. पूर्ण चाचणी सोडवून झाली की संहितेतून फक्त स्पेलिंगच्या जागा शोधा आणि तेवढेच तुकडे पुन्हा पुन्हा ऐका. संहिता बघून ऐकलं की R चा 'आ' कानात बसतो.

नवी नावं हवी असतील तर फोनवरच्या नकाशात लेस्टर, पर्थ किंवा ऑकलंड उघडा आणि मित्राला तिथले रस्ते सांगायला लावा. तीच नावं तुम्हीही त्याला सांगा. सांगताना चूक कुठे होते ते जास्त लवकर कळतं. आपल्याकडच्या गाड्यांच्या पाट्या, MH 13 वगैरे, रस्त्यात वेळ घालवायला ठीक आहेत, पण त्यांत स्वर कमी असतात आणि आपली अडचण स्वरांचीच आहे.

## १०. परीक्षेच्या दिवशी

सोलापूरहून बहुतेक जण पुण्याला परीक्षा देतात. शक्यतो आदल्या दिवशी पोहोचा; पहाटेच्या गाडीची झोप लिसनिंगमध्ये नडते. नोंदणीला जो पासपोर्ट दिला तोच मूळ पासपोर्ट सोबत हवा, झेरॉक्स चालत नाही.

प्रश्नाच्या वरची शब्दमर्यादा वाचा. `ONE WORD AND/OR A NUMBER` लिहिलं असेल आणि Close आधीच छापलेलं असेल, तर तुम्ही JARRAH CLOSE लिहिलंत की उत्तर चूक. सगळी उत्तरं मोठ्या लिपीत लिहिली तरी चालतात, आणि मी तेच सुचवेन. नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल की नाही हा विचार उरत नाही.

कागदावरच्या परीक्षेत ऐकून झाल्यावर उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात. M-N सारख्या शंका तेव्हा सोडवा. कॉम्प्युटरवर शेवटी फक्त २ मिनिटं तपासायला असतात, आणि चुकीच्या स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही. टायपिंगचा वेग कमी असेल तर स्पेलिंग आधी दिलेल्या कागदावर पेन्सिलने उतरवा आणि मग टाइप करा. ऐकता ऐकता की-बोर्डवर अक्षर शोधायला गेलात तर पुढचं अक्षर हमखास निसटतं.